चिठ्ठीवरचे शेरे

सुरतच्या आमच्या प्रोसेस मिलमध्ये लॅब तळमजल्यावर होती आणि आमचं फोल्डिंग खातं बरोबर तिच्या डोक्यावर. रंगून, सुकून, इस्त्री होऊन आलेलं कापड आमच्याकडे यायचं. टेबलावर पसरून तपासायचं, डाग-भोक दिसलं तर काठाला दोरा बांधायचा, आणि लॉटचा एक तुकडा कापून मंजूर नमुन्याशी लावून बघायचा, की रंग तोच आहे ना. जे दिसेल ते चिठ्ठीवर लिहायचं. चिठ्ठीच्या तीन प्रती निघायच्या. एक आमच्याकडे, एक ऑफिसात, एक खाली लॅबमध्ये. मी चिठ्ठ्या लिहायचे.

बी.एस्सी. केमिस्ट्री झाले तेव्हा मला खरं तर लॅबच हवी होती. जागा नव्हती. पर्सोनेलमधून सांगितलं, फोल्डिंगमध्ये चिठ्ठ्या लिहायला कुणीतरी हवं आहे, बसा, पुढे बघू. ते 'पुढे' चार वर्षं लांबलं होतं.

जुन्या लॅब-साहेबांना मी माहीत होते. जेवणाच्या सुट्टीनंतर ते कधी कधी जिन्याशी येऊन नुसती मान हलवायचे, मी खाली जायचे. खिडकीजवळ दोन तुकडे धरून विचारायचे, बोल. मी बोलायचे. हा लाल मारतो. हा जरा मेलेला आहे. हा ट्यूबलाइटखाली सारखा दिसेल, उन्हात नाही. ते हसायचे आणि रेसिपीत काहीतरी खोडून पुन्हा लिहायचे. त्या दहा मिनिटांत मी जितकं बोलायचे तितकं घरी आठवड्यात बोलत नसेन. बीकरमध्ये फिरणारं पाणी, पांढऱ्या फरशीवर ओळीने ठेवलेले बोटभर तुकडे, उत्तरेकडची मोठी खिडकी. वर आमच्याकडे पंख्यांचा आणि गाड्यांचा आवाज, खाली नुसती मशीनची घरघर. मी परत जिना चढायचे तेव्हा दर वेळी वाटायचं, एक दिवस हा जिना चढायचा नाही.

ते म्हणाले होते, पहिली जागा निघाली की तुझी. मग त्यांना सिल्वासाला चांगली नोकरी मिळाली. एका सोमवारी त्यांच्या खुर्चीवर दुसरे साहेब बसलेले दिसले. अहमदाबादच्या मिलमधून आले होते म्हणे. जिन्याशी कुणी आलं नाही. महिना गेला, दुसरा गेला, आणि नोटीस बोर्डावर कागद लागला: लॅब असिस्टंट, शेड मॅचिंग, एक जागा, मिलमधल्याच कर्मचाऱ्यांसाठी. अर्ज आपापल्या खातेप्रमुखाच्या सहीने. मुलाखत लॅबप्रमुख घेतील.

मी तो कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा कुणी बघत नसताना.

पर्सोनेलमध्ये अमरावतीकडच्या एक ताई होत्या. मिलमध्ये मराठी बोलणारी माणसं बरीच होती, पण खुर्चीवर बसणारी कमी, म्हणून त्यांना सगळ्या मुलींची काळजी असायची. अर्जाचा फॉर्म देताना त्यांनी मला बसवून घेतलं.

"काय सांगशील साहेबाला?"

मी म्हटलं, जुन्या साहेबांना माझं काम माहीत होतं.

"ते सिल्वासाला बसले आहेत. याला काय माहीत?"

मी फॉर्मची घडी घालत राहिले.

"काऊन इतकी गप्प राहतेस वं? तुझं काम तुला माहीत, मला थोडंसं माहीत. त्या माणसाने तुला एकदाही काम करताना पाहिलं नाही. त्याच्या लेखी तू फोल्डिंगमधली एक मुलगी आहेस जी चिठ्ठ्या लिहिते."

मग त्यांनी मला शिकवलं. मुलाखतीत जुन्या साहेबांचं नाव काढायचं नाही, कुणालाच आवडत नाही आधीच्याचं कौतुक. 'मला रंगांची आवड आहे' असलं बोलायचं नाही. तीन प्रसंग निवडायचे. काय बिघडलं होतं, तू काय केलंस, त्याने काय झालं. प्रत्येक दोन मिनिटांत. सोबत कागद न्यायचा, कारण ज्याने पाहिलं नाही त्याला कागदच दाखवावा लागतो. आणि शेवटी तू एक प्रश्न विचारायचा, पहिल्या तीन महिन्यांत त्यांना त्या जागेवरच्या माणसाकडून काय हवं आहे हा. "आणि अर्ज करायच्या आधी मास्तरांना सांग. त्यांना बोर्डावरून कळता कामा नये."

मास्तर म्हणजे आमचे चेकिंग मास्तर. सुरतचेच, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले. गुजराती बोलायचे, हिंदी जेमतेम, इंग्रजी नाही. मला पहिल्या दिवसापासून बेटा म्हणायचे, आणि पुरुषांच्या त्या खात्यात माझ्याशी कुणी वाकडं बोललं नाही ते त्यांच्यामुळे. मी लॅबचं सांगितलं तर ते चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, जा, तिथे तुझं काम आहे, इथे काय. अर्जावर त्यांनी गुजरातीत शेरा लिहिला, 'सोडण्यास हरकत नाही,' आणि खाली त्यांची ती वळणदार सही केली. सही करताना त्यांनी कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला होता.

मला कागद न्यायचे होते, म्हणून मी आमच्या खात्याच्या प्रती काढल्या. वर्षभराच्या. कार्बनची निळी अक्षरं, माझं कॉन्व्हेंटसारखं तिरकं वळण. माझी शाळा उधन्याच्या मागे तीन खोल्यांची होती, पण बाई अक्षरासाठी छडी घेऊन बसायच्या. चिठ्ठ्यांवरचे शेरे मी इंग्रजीत लिहायचे, कारण लॅबला इंग्रजी लागायचं. सगळे माझ्या हातचे. आणि प्रत्येकाच्या खाली एकच सही, मास्तरांची. माझं नाव कुठेच नव्हतं. लिहिणाऱ्याने सही करायची पद्धतच नव्हती. तपासणारा सही करतो. तपासणारे मास्तर.

सुरुवातीला खरंच ते तपासायचे. त्यांनीच मला रंग वाचायला शिकवला. गुलाबीच्या पोटातला जांभळा कसा शोधायचा, राणी आणि मजेंटा यात बाजार का फसतो, निळसर रामा रंग हिरव्याकडे गेला की दुकानदार का परत पाठवतो. ते गुजरातीत सांगायचे, लाल मारे छे, आणि मी इंग्रजीत लिहायचे, थोडा तांबूस. मग दोनेक वर्षांपूर्वी ते तुकडा घेऊन खिडकीशी जाऊ लागले. खिडकीशी जाऊन थांबायला लागले. मग मला कसं वाटतं ते विचारायला लागले, "केवुं लागे छे, बेटा?" मला वाटायचं, माझी परीक्षा घेत आहेत. मी सांगायचे, ते मान हलवायचे, लिही. एकदा क्रीमचा एक लॉट आला, उघडउघड पिवळा मारत होता, आणि ते म्हणाले, एकदम बराबर. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांच्या डाव्या डोळ्यात, बुबुळाच्या मध्ये, दुधासारखं काहीतरी होतं. मी म्हटलं, मास्तर, जरा पिवळा वाटतो का? ते तुकडा माझ्याकडे सरकवत म्हणाले, हो, लिही.

त्यानंतर आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही. मी बघायचे, ते सही करायचे. कुणाला कळलं असतं तर त्यांना गेटवर बसवलं असतं, नाहीतर हिशोब करून घरी. मोतीबिंदू झालेला चेकिंग मास्तर कुणाला हवा असतो?

म्हणून त्या प्रती पुढ्यात घेऊन मी बसले तेव्हा मला कळलं की ताईंनी सांगितलेल्या तीन प्रसंगांपैकी एकही मी 'मी' म्हणून सांगू शकत नाही.

घरी मी तयारी करायचे. गोडादऱ्यात आमची दोन खोल्यांची जागा, पुढच्या खोलीत मी, मागे आई पोळ्या करत. वडील लूमच्या कारखान्यात मिस्त्री होते, मागाच्या खडखडाटात त्यांना मोठ्याने बोलायची सवय झालेली. माझी मुलाखत हा त्यांच्यासाठी समारंभ होता. त्यांनी मला समोर बसवलं आणि स्वतः साहेब झाले.

"माले सांग, तू दिनभर काय करस?"

मी सांगायला लागले. आम्ही लॉट आला की तुकडा कापतो, आम्ही नमुन्याशी लावतो, आम्ही चिठ्ठी लिहितो. मागून आई म्हणाली, घरमा तं जोरमा बोल. वडिलांनी मात्र दुसरंच पकडलं. म्हणाले, आम्ही, आम्ही, आम्ही. तिथे किती जणी आहात? मी म्हटलं, एकटीच. मग ते हसले आणि आईला सांगू लागले की हिने चार वर्षं पगार मात्र एकटीचाच आणला.

मी पुन्हा सांगून बघितलं. मी लॉट बघते. मी नमुन्याशी लावते. वाक्य तोंडातून निघायचं आणि परकं वाटायचं, जशी शाळेत दुसऱ्या कुणाची कविता म्हणत असावे. आमच्यात कुठली मुलगी 'मी केलं' म्हणते? पाहुणे आले आणि भाजी कुणी केली विचारलं तरी 'केली आम्ही' म्हणायचं. माझ्या शाळेतल्या इंग्रजीतही मला 'आय' मोठ्या अक्षरात लिहायची लाज वाटायची. एवढंसं माणूस आणि अक्षर एवढं मोठं.

रात्री बत्ती घालवल्यावर मी मनातल्या मनात म्हणायचे. मी बघितलं. मी सांगितलं की लॉट थांबवा. मग मास्तरांचा डावा डोळा दिसायचा आणि मी वाक्य बदलायचे.

ताईंना मी हे सांगितलं नाही. सांगता येण्यासारखं नव्हतं. त्या फक्त म्हणाल्या, आणखी एक जण अर्ज करतो आहे, डाईंगमधला, डिप्लोमा झालेला, जेट मशीनवर तीन वर्षं शिफ्ट केली आहे. "रंगवणं त्याला येतं. रंग बघणं तुला येतं. ते तेवढं नीट सांग."

मुलाखतीच्या दिवशी मी अबोली रंगाचा पंजाबी ड्रेस घातला, मग वाटलं लॅबमध्ये जाताना रंगीत कपडा चांगला नाही, डोळ्याला त्याची झाक लागते, आणि फिका राखाडी घातला. इतका विचार मी केला होता हे आज आठवलं की गंमत वाटते. तीन चिठ्ठ्या निवडून पाकिटात घातल्या होत्या. भेस्तानकडे जाणारी शेअर रिक्षा उधन्याला सोडून मिलपर्यंत चालत गेले, म्हणजे चालताना पाठ करता येईल.

नवे साहेब खिडकीकडे पाठ करून बसले होते. बारीक, पांढरे केस, बोलायला तुटक. संभाषण इंग्रजीत झालं. मला ते सोपं जायला हवं होतं. बसा म्हणाले आणि मी बसायच्या आत टेबलावरची फाईल उघडली.

फाईलमध्ये आमच्या चिठ्ठ्या होत्या. लॅबच्या प्रती. वर्षभराच्या.

त्यांनी सांगितलं की आल्यापासून पहिले पंधरा दिवस त्यांनी कुणाशी न बोलता या फक्त वाचल्या. कुठले लॉट परत आले, का आले, आधी कुणी काय म्हटलं होतं. या मिलमधला सगळ्यात कामाचा कागद हाच आहे, म्हणाले. त्यांनी एक चिठ्ठी काढून वाचली. 'दिवसाच्या उजेडात जुळतो. ट्यूबलाइटखाली तांबूस. दुकानात परत येईल.' फोल्डिंग खात्यात बसून असं लिहिणारा माणूस त्यांनी अहमदाबादलाही पाहिला नव्हता.

"तुमच्या मास्तरांची नजर विलक्षण आहे," ते म्हणाले. "खरं सांगतो, वय नसतं तर मी त्यांनाच खाली आणलं असतं."

मी पाकीट मांडीवर धरून बसले होते. आतल्या तीन चिठ्ठ्यांपैकी एक तीच होती, त्यांच्या हातात होती ती. त्या लॉटला मास्तर 'बराबर' म्हणाले होते. मी तुकडा घेऊन खिडकी ते ट्यूबलाइट, ट्यूबलाइट ते खिडकी असे चार फेरे घातले होते.

मग त्यांनी विचारलं, तुमचं यात काम काय?

मी म्हटलं, मी लिहिते.

"मास्तर सांगतात, तुम्ही लिहिता?"

ते गुजरातीत सांगतात, मी इंग्रजीत लिहिते, असं मी म्हणाले. हे खोटं नव्हतं. कधीकाळी अगदी खरं होतं.

"आणि बघतं कोण?"

त्यांनी सहज विचारलं होतं. पण माझ्या पाठ केलेल्या सगळ्या वाक्यांचा शेवट याच प्रश्नावर होता, आणि तो इतक्या लवकर येईल असं मला वाटलं नव्हतं. खिडकीतून उत्तरेचा तो सारखा, शांत उजेड टेबलावर पडला होता. मला ती जागा खूप हवी होती. एक अक्षर पुरेसं होतं, तेच मोठं अक्षर. ते उच्चारलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग मास्तर काय करतात?

"आम्ही बघतो," मी म्हणाले.

"आम्ही म्हणजे कोण?"

"मास्तर आणि मी."

ते उठले, बाजूचं काळ्या रंगाचं मॅचिंग कॅबिनेट उघडलं, त्याचा दिवा लावला आणि पुढ्यात तुकड्यांच्या तीन जोड्या ठेवल्या. मी त्यांच्यावर वाकले आणि मग मला कशाचीच भीती राहिली नाही. पहिली जोडी सारखी. तिसरीतला उजवा निळा लाल मारत होता, अगदी थोडा. दुसरी सारखी होती, पण मला ती पटेना. मी विचारलं, दिवा बदलू का? त्यांनी मान हलवली. मी दुकानाच्या उजेडाचा दिवा लावला आणि जोडी फुटली. एक तुकडा हिरवट झाला. मी तसं सांगितलं. बहुधा एकाच रंगाच्या दोन वेगळ्या रेसिपी आहेत, असंही सांगितलं. बोलताना मी त्यांच्याकडे बघत होते हे माझ्या नंतर लक्षात आलं.

ते खुर्चीत बसले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, रागाने नाही.

"समजा एखाद्या लॉटवर तुमचं आणि मास्तरांचं एकमत झालं नाही. कुणाचं धरायचं?"

मी म्हटलं, तसं कधी झालं नाही.

"वर्षभरात एकदाही नाही?"

"नाही, सर."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. मी ताईंनी शिकवलेला प्रश्न विचारला, पहिल्या तीन महिन्यांत त्यांना काय हवं आहे. ते पहिल्यांदा हसले. म्हणाले, असा माणूस हवा आहे, जो मार्केटिंगवाल्यासमोर आणि शेटसमोर एकटा उभा राहून म्हणेल की हा शेड चुकला आहे, गाडी भरू नका. पाकीट मी उघडलंच नाही.

वर आले तर मास्तर टेबलापाशी थांबले होते. काय विचारलं, म्हणाले. मी म्हटलं, चिठ्ठ्यांबद्दल विचारलं. बघतं कोण, असं विचारलं. त्यांनी हातातला तागा खाली ठेवला.

"तें शुं कीधुं?"

काय सांगितलंस तू? जे सांगितलं होतं, तेच मी सांगितलं. आम्ही बघतो.

त्यांनी तागा सरळ केला. मग कापडाच्या काठावरून बोट फिरवत, माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "तारे 'हुं' कहेवुं जोईतुं हतुं." तू 'मी' म्हणायला हवं होतंस. त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे. दोन वर्षांत हे एवढंच आम्ही त्याबद्दल बोललो, आणि त्यात डोळा हा शब्द नव्हता.

जागा डाईंगमधल्याला मिळाली. साहेबांनी मला बोलावून स्वतः सांगितलं, ते त्यांना करायची गरज नव्हती. म्हणाले, तुमची नजर त्याच्यापेक्षा चांगली आहे. त्याला बघायला मी शिकवीन. पण या जागेवरच्या माणसाला एकट्याने बोलावं लागतं आणि तुमचं एकटीचं वाक्य मला त्या दिवशी एकदाही ऐकू आलं नाही. तुकडे सांगताना सोडून. कदाचित त्याला कारण असेल, ते मी विचारत नाही. मी थँक्यू म्हणून बाहेर आले. जिना चढले. बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं आणि त्या दिवशी सतरा लॉटच्या चिठ्ठ्या लिहिल्या.

पुढच्या महिन्यात चिठ्ठीचा नवा छापील फॉर्म आला. लॅबनेच बदलून मागवला होता. खाली एका सहीच्या जागी दोन रेघा होत्या. एकीखाली 'चेकिंग मास्तर', दुसरीखाली 'शेड पाहणार'. मास्तरांनी फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. चार वर्षांत पहिल्यांदा मी कंपनीच्या कागदावर माझ्या कामाखाली माझी सही केली. चिठ्ठीची एक प्रत रोज लॅबमध्ये जायची, माझ्या सहीसकट. साहेबांनी कुणाला दुखावलं नव्हतं, काही उघडं पाडलं नव्हतं. मला त्यांचा राग करता आला असता तर बरं झालं असतं.

वडिलांनी निकाल ऐकून एवढंच विचारलं, बोलनी ना तू? मी म्हटलं, बोलले. ते म्हणाले, मग झालं. आईने त्या रात्री शेवेची भाजी केली, जी खरं तर जागा मिळाली तर करायची होती. सामान आणून ठेवलं होतं तिने.

दिवाळीच्या सुट्टीत मास्तरांनी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं. सुट्टीला जोडून आणखी महिनाभर ते नव्हते. त्या महिन्यात मी एकटी बघायचे, दोन्ही रेघांपैकी एक मोकळी ठेवून. त्याने काही अडलं नाही. एकदा मार्केटिंगचा माणूस वर येऊन माझ्यावर ओरडला की गाडी उभी आहे, कसला एवढा शेड बघता. मी म्हटलं, मी बघितलं आहे, तो हिरवा मारतो, मी सही करणार नाही. आवाज बारीक होता, पण वाक्य सबंध निघालं. तो खाली गेला, नव्या साहेबांकडे, आणि गाडी थांबली. ते वाक्य मी दोन महिने आधी म्हणायला हवं होतं. तेव्हा त्याची किंमत होती.

मास्तर परत आले ते जाड काचेचा चष्मा लावून. टेबलावर पांढऱ्याचा लॉट होता. ते बघत राहिले. पांढरा इतका पांढरा असतो हे मी विसरलो होतो, म्हणाले. मग त्यांनी क्रीमचा तुकडा उचलला, खिडकीशी न जाता बघितला आणि म्हणाले, पिवळा मारतो. बरोबर होतं. पुढचा बघितला, तोही बरोबर. दुपारपर्यंत त्यांनी आठ लॉट बघितले आणि मला एकदाही विचारलं नाही. मी लिहीत होते आणि मला आनंद व्हायला हवा होता, झालाही. पण मनात एकच गोष्ट फिरत होती. आता त्यांना माझी गरज नाही. आता मला जाता येईल. आणि आता जागा नाही.

त्यांच्याही ते लक्षात आलं असणार. संध्याकाळी ते स्वतः खाली गेले. ते लॅबमध्ये जायचे नाहीत, गुडघे दुखायचे. अर्ध्या तासाने वर आले, धापा टाकत. काय बोलले ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की साहेबांना सगळं सांगून आलो, ते म्हणतात पुढची जागा निघाली की बघू.

मी तिथे होते तोवर पुढची जागा निघाली नाही. नवीन असिस्टंट चांगला निघाला, टिकला.

पण त्या दिवसापासून मास्तरांनी एक नवीन रीत पाडली. लॅबची प्रत शिपाई न्यायचा, ती ते रोज चार वाजता माझ्या हातात द्यायचे. जा, तू देऊन ये. मी खाली जायचे. चिठ्ठी ट्रेमध्ये टाकली की काम संपायचं, परत फिरायचं. खिडकीत तोच उजेड असायचा, फरशीवर तुकडे ओळीने वाळत ठेवलेले. असिस्टंट कधी एखादा तुकडा उचलून माझ्याकडे बघायचा, कधी कामात असायचा. मी ट्रेजवळ जरा वेळ उभी राहायचे, आणि वर मास्तर, बहुधा मुद्दामच, पुढचा लॉट उघडायला वेळ लावायचे.